सहा आठवड्यांच्या लशीला बाळाबरोबर आईचीही शुगर तपासा

प्रति,
इंदूरमधील प्रसूतिगृहांचे संचालक आणि स्त्रीरोगतज्ज्ञ,
तसेच जिल्ह्याचे मुख्य चिकित्सा एवं स्वास्थ्य अधिकारी,

सप्रेम नमस्कार.

मी इंदूरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. रक्त घेणं, नमुने लावणं, रिपोर्ट डॉक्टरांच्या सहीला पाठवणं हे माझं रोजचं काम. सकाळी आमच्या बाकावर गरोदर बायका बसलेल्या असतात. कुणाच्या हातात ग्लुकोजच्या पाण्याचा ग्लास असतो, कुणी दोन तास कधी संपतात म्हणून घड्याळ बघत असते. सहाव्या-सातव्या महिन्यात ही तपासणी आता बहुतेक डॉक्टर न चुकता लिहितात, आणि त्याबद्दल मला तुमचं कौतुकच आहे. शुगर वाढलेली निघाली की त्या बाईची पुढचे तीन महिने खूप काळजी घेतली जाते. आहाराचा तक्ता मिळतो, दर पंधरा दिवसांनी शुगर तपासली जाते, गरज पडली तर इन्सुलिन दिलं जातं, सोनोग्राफीत बाळाचं वजन बघितलं जातं.

मग बाळंतपण होतं आणि ती बाई आमच्या बाकावरून नाहीशी होते. बाळाची कावीळ तपासायला नवरा येतो, बाळाचा रक्तगट विचारायला आजोबा येतात. आईच्या शुगरची चिठ्ठी घेऊन क्वचितच कुणी येतं. हे मला बरीच वर्षं खटकत होतं. आता गप्प बसवत नाही, कारण यात माझ्या घरची मुलगी सापडली आहे.

ती माझी भाची, राऊला राहते. पहिल्या खेपेला सत्तावीस वर्षांची होती. सव्विसाव्या आठवड्यात पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज देऊन दोन तासांनी रक्त घेतलं, तेव्हा शुगर १६८ आली. गरोदरपणात १४० किंवा त्याहून जास्त आली की गरोदरपणातला मधुमेह धरतात. तिनं साखर, गुळ, बटाटा, भात सगळ्याला आवर घातला, जेवणानंतर चालायला लागली आणि औषधाशिवाय शुगर ताब्यात राहिली. बाळ तीन किलो सातशे ग्रॅमचं झालं, सिझेरियन झालं. घरी जाताना तिला सांगितलं गेलं की आता शुगर गेली, काळजी नको, सगळं खा. डिस्चार्ज कार्डावर टाके कधी दाखवायचे, लोहाच्या गोळ्या किती दिवस घ्यायच्या आणि बाळाची लस कधी, एवढं लिहिलेलं होतं. गरोदरपणातल्या मधुमेहाचा त्यात एका शब्दानं उल्लेख नव्हता. सासरी उगाच चर्चा नको म्हणून तिनं शुगरचं फारसं कुणाला सांगितलंही नव्हतं, त्यामुळे मला ते कळायला मार्गच नव्हता.

तीन वर्षांनी दुसऱ्यांदा दिवस राहिले. पाळी चुकल्यावर काही आठवडे गेले, मग ती डॉक्टरांकडे गेली आणि नवव्या आठवड्यात पहिल्यांदा रक्त तपासलं गेलं. उपाशीपोटी १५१, दोन तासांनी २६८, एचबीए१सी ८.४. फाइल घेऊन ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मावशी, परत तीच शुगर आली बघ." ती तीच शुगर नव्हती. गरोदरपणामुळे चढणारी शुगर साधारणपणे पाचव्या-सहाव्या महिन्यापासून वर जाते. नवव्या आठवड्यात उपाशीपोटी १५१ आणि गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी ८.४, याचा अर्थ दिवस राहण्याच्या आधीपासूनच तिला कायमचा, टाइप टूचा मधुमेह होता. कधीपासून, ते आता कुणीच सांगू शकणार नाही, कारण मधल्या काळात तिची एकही तपासणी झालेली नाही.

यात सगळ्यात जास्त भीती कशाची होती, ते इथे स्पष्ट लिहिते, कारण हे बऱ्याच घरांत माहीत नसतं. बाळाच्या मेंदूची आणि मज्जारज्जूची नळी सहाव्या आठवड्याच्या आसपास बंद होते. हृदयाचे कप्पेही पहिल्या दोन-अडीच महिन्यांतच घडतात. त्या आठवड्यांत आईची शुगर वाढलेली असेल तर हृदयातला किंवा मणक्यातला दोष राहण्याचा आणि गर्भपाताचा धोका वाढतो. नवव्या आठवड्यात इन्सुलिन सुरू केलं तरी मागचे आठवडे परत मिळत नाहीत. पाचव्या महिन्यात बाळाच्या हृदयाची खास सोनोग्राफी होईपर्यंत त्या घरानं दिवस कसे काढले, ते मी पाहिलं आहे. बाळाचं हृदय नीट निघालं. जन्मल्यावर त्याची शुगर घसरली म्हणून काही दिवस काचेच्या पेटीत ठेवावं लागलं, आता ते घरी आहे. भाची तिशीत औषधावर आहे आणि पुढेही राहील.

मी त्या प्रसूतिगृहाचं नाव लिहिणार नाही. एका दवाखान्याला दोष देऊन हा प्रश्न सुटणारा नाही. मी ओळखीतल्या आणखी काही बायकांची डिस्चार्ज कार्डं मागून पाहिली, सरकारी आणि खासगी दोन्हीकडची. पुढच्या तपासणीची तारीख मला एकाही कार्डावर दिसली नाही. भाचीच्या प्रसूतिगृहात मी स्वतः जाऊन विचारलं, तेव्हा काउंटरवरून उत्तर मिळालं की छापील कार्डात त्यासाठी रकानाच नाही. त्या उत्तरानंतर मी हे पत्र लिहायला घेतलं.

शुगर "गेली" असं तुम्ही सांगता, तेव्हा नेमकं काय गेलेलं असतं? गरोदरपणात वार, म्हणजे प्लासेंटा, जी संप्रेरकं सोडते ती इन्सुलिनचं काम अडवतात. बाळाला साखर मिळत राहावी म्हणून निसर्गानं केलेली ती सोय आहे. आईच्या स्वादुपिंडाला मग नेहमीपेक्षा कितीतरी जास्त इन्सुलिन तयार करावं लागतं. बहुतेकींचं स्वादुपिंड तेवढं करतं. ज्यांचं करू शकत नाही, त्यांची शुगर वाढते. वार बाहेर पडली की अडथळा दूर होतो आणि एक-दोन दिवसांत आकडे खाली येतात. पण स्वादुपिंडाची मुळातली कमी ताकद तशीच असते. माणपूरचा घाट चढताना जिचं इंजिन धापा टाकतं ती गाडी सपाट रस्त्याला लागली की व्यवस्थित पळते, म्हणून कुणी ते इंजिन दुरुस्त झालं असं म्हणत नाही.

हा नुसता अंदाज नाही. २०२० साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये वीस अभ्यास एकत्र करून तेरा लाखांहून अधिक बायकांची माहिती मांडली गेली. ज्यांना गरोदरपणात मधुमेह झाला होता, त्यांना पुढे टाइप टू मधुमेह होण्याचा धोका इतर बायकांच्या जवळजवळ दहापट निघाला. धोका पहिल्या पाच वर्षांत झपाट्यानं वाढतो आणि पुढेही संपत नाही. म्हणजे ज्या वर्षांत बाई दुसऱ्या बाळाचा विचार करते, नेमकी तीच वर्षं जोखमीची असतात.

आता माझ्या तक्रारी.

पहिली तक्रार अशी की नियम आहे आणि तो पाळला जात नाही. गरोदरपणातल्या मधुमेहासाठी केंद्र सरकारच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना २०१४ साली आल्या आणि २०१८ साली सुधारल्या गेल्या. प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज देऊन आईची तपासणी करावी, असं त्यांत स्पष्ट लिहिलं आहे. तिसऱ्या दिवशी, घरी सोडण्याआधीही शुगर बघायची आहे. काही दवाखान्यांत तिसऱ्या दिवशीची तपासणी होते आणि तिथेच घोटाळा होतो. तिसऱ्या दिवशी आकडा चांगला आला की आई आणि डॉक्टर दोघंही प्रकरण मिटलं असं समजतात. तो आकडा फक्त एवढंच सांगतो की वार गेल्यावर शुगर उतरली आणि बाई आधीपासूनच उघड मधुमेही नव्हती. शरीर पूर्ववत झाल्यावर ग्लुकोज किती पेलतं, हे त्यावरून कळत नाही. ते सहा आठवड्यांनीच कळतं.

दुसरी तक्रार माझ्या टेबलावरची आहे, म्हणून थोडी सविस्तर सांगते. ज्या थोड्या बायका बाळंतपणानंतर येतात, त्यांच्या चिठ्ठीवर बहुतेक वेळा फक्त उपाशीपोटीची शुगर लिहिलेली असते, नाही तर फक्त एचबीए१सी. दोन्ही सोप्या आहेत, एकदा सुई टोचली की काम झालं. पण या वेळी दोन्ही फसवू शकतात.

मागे अशीच एक बाई आली होती. वय एकोणतीस, मूल दीड महिन्याचं. चिठ्ठीवर फक्त फास्टिंग होतं. शुगर आली ९४, अगदी नॉर्मल. ती निघाली होती, पण बोलता बोलता गरोदरपणात इन्सुलिन घेतल्याचं सांगितलं. तिनं आमच्या लॅबच्या डॉक्टरांसमोरून तिच्या डॉक्टरांना फोन लावला आणि त्यांच्या होकारानं तिथेच ग्लुकोज देऊन दोन तासांनी पुन्हा रक्त घेतलं. शुगर १७१. बाळंतपणानंतर दोन तासांचा आकडा १४० च्या खाली हवा. १४० ते १९९ मध्ये आला तर ग्लुकोज पेलण्याची ताकद कमी झाली, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहे असं धरतात. २०० किंवा त्याहून वर गेला, किंवा उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून वर आला, तर मधुमेह. ही बाई उंबरठ्यावर होती आणि नॉर्मलचा कागद हातात घेऊन घरी निघाली होती. आपल्याकडच्या पुष्कळ बायकांत उपाशीपोटीची शुगर बरीच उशिरा बिघडते, खाल्ल्यानंतरची आधी. म्हणून दुसरा नमुना टाळून चालत नाही.

एचबीए१सीचं वेगळं आहे. लाल पेशींवर साचलेली साखर मोजून तो आकडा काढतात आणि पेशी साधारण चार महिने जगतात. बाळंतपणात रक्त गेलेलं असतं, नव्या पेशी जोरात तयार होत असतात. नव्या पेशींवर साखर साचायला वेळच मिळालेला नसतो, त्यामुळे आकडा खरा असायला हवा त्यापेक्षा कमी येतो. रक्त चढवलं असेल तरी तो बिघडतो. उलट, लोह कमी असेल तर आकडा उगाच जास्त येऊ शकतो. देशात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आहे, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात नोंदलेलं आहे. अशा रक्तावर सहा आठवड्यांत काढलेल्या एचबीए१सीच्या भरवशावर बाईला मोकळं करू नका. पुढच्या वर्षांत, रक्त नीट भरून आल्यावर, तीच तपासणी उपयोगाची आहे, याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

तिसरी तक्रार वयाच्या अटीबद्दल आहे आणि ती मुख्य चिकित्सा एवं स्वास्थ्य अधिकाऱ्यांना, म्हणजे सीएमएचओ साहेबांना उद्देशून आहे. मधुमेह आणि रक्तदाबासाठी सरकारी तपासणी होते, आशाताई घरोघरी जाऊन फॉर्म भरतात, पण ती तिशीपासून पुढच्या लोकांसाठी. माझी भाची बाळंत झाली तेव्हा सत्तावीस वर्षांची होती. प्रसूतीच्या यादीतून तिचं नाव निघालं आणि मधुमेहाच्या यादीत यायला तिला तीन वर्षं बाकी होती. नेमक्या त्या तीन वर्षांत तिला मधुमेह झाला. आपल्याकडे तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी बाळंत होणाऱ्या मुली कितीतरी आहेत. त्यांनी सहा-सात वर्षं थांबायचं का? ज्यांचा धोका माहीत आहे, ज्यांचं नाव-गाव-फोन गरोदरपणाच्या नोंदीत आधीच आहे, त्यांना वयाची अट लावण्यात काय अर्थ आहे, मला कळत नाही.

चौथी गोष्ट म्हणजे एकदा तपासून नॉर्मल आल्यावर फाइल बंद होते. सहा आठवड्यांचा नॉर्मल रिपोर्ट त्या दिवसापुरता खरा असतो. स्वादुपिंडाची ताकद हळूहळू कमी होत जाते, वजन वाढलं की जास्त वेगानं. म्हणूनच अमेरिकन डायबेटिस असोसिएशन अशा बायकांची दर एक ते तीन वर्षांनी आयुष्यभर तपासणी करायला सांगते, आणि उंबरठ्यावर असलेल्यांची दर वर्षी. आपल्या घरांतली मधुमेहाची परंपरा पाहता मी दर वर्षीच म्हणेन. तीन वर्षांच्या अंतरात काय घडू शकतं ते मी वर लिहिलं आहे.

"जाणूनही काय करायचं, उगाच तरुण मुलीला घाबरवायचं," असं मला एका डॉक्टरांनी ऐकवलं. त्यांना माझं उत्तर असं. अमेरिकेतल्या मधुमेह प्रतिबंधाच्या मोठ्या अभ्यासात, पूर्वी गरोदरपणात मधुमेह झालेल्या आणि आता उंबरठ्यावर असलेल्या बायकांचा वेगळा हिशोब केला गेला. वजन थोडं उतरवणं आणि नियमित व्यायाम यांनी मधुमेहाचं प्रमाण सुमारे निम्मं झालं, मेटफॉर्मिननंही जवळपास तेवढंच. दुसरी बाजूही लपवत नाही. भारत, बांगलादेश आणि श्रीलंकेत गरोदरपणात मधुमेह होऊन गेलेल्या बायकांवर आहार-व्यायामाचा एक कार्यक्रम करून पाहिला, त्याचे निष्कर्ष २०२२ साली आले. त्यात कार्यक्रम मिळालेल्या आणि न मिळालेल्या बायकांत लक्षणीय फरक दिसला नाही. दोन्ही गटांत साधारण चौथ्या हिश्श्याच्या बायकांची स्थिती वर्ष-सव्वा वर्षात खालावली. मला यावरून एवढंच दिसतं की दोन-चार बैठकांत सल्ला देऊन भागणार नाही. कुणाची शुगर खालावते आहे हे वेळेवर समजलं तर तिला जास्त मदत देता येईल, आणि ते तपासल्याशिवाय समजणार नाही. आणि बाकी काही साधलं नाही तरी दुसरं मूल होण्याआधी शुगर ताब्यात आणता येते, एवढं एकच कारण मला पुरेसं वाटतं.

बायका येतच नाहीत, ही सबब मी खूप ऐकली. त्या का येत नाहीत ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. आपल्याकडे मुलगी बाळंतपणाला माहेरी जाते. इंदूरची सून उज्जैनला, देवासची लेक इंदूरला. सव्वा महिना बाहेर पडणं नाही. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, तूप यांचा मारा चालू असतो आणि त्या गडबडीत शुगरचा विषय काढणारी मुलगी घरच्यांना आगाऊ वाटते. तान्ह्याला सोडून लॅबमध्ये तीन तास बसायला कोण पाठवणार? मग ती जिथे नक्की जाते तिथेच तिला गाठा. बाळाला सहा आठवड्यांची लस द्यायला आई जातेच जाते, मग ते माहेरचं गाव असो की सासरचं. दीड महिना झालेला असतो, सव्वा महिन्याचं बंधनही संपलेलं असतं. आशाताईंची बाळंतपणानंतर घरी येऊन बघण्याची एक खेपही बेचाळिसाव्या दिवसाचीच असते. सगळं एकाच आठवड्यात जमून आलेलं आहे. कमी आहे ती फक्त लेखी आठवण.

तपासणीत अवघड काही नाही, पण ती नीट व्हावी म्हणून कसं करायचं ते सांगते. आदल्या तीन दिवसांत नेहमीचं जेवण जेवायचं, पोळी-भात सगळं. रिपोर्ट चांगला यावा म्हणून काही जणी खाणं तोडतात, त्यानं उलट दोन तासांची शुगर खोटी वाढू शकते. रात्री जेवल्यावर किमान आठ तास उपाशी, साधं पाणी चालतं. सकाळी पहिला नमुना. मग पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज साधारण तीनशे मिलिलिटर पाण्यात, पाच मिनिटांत संपवायचं. पहिला घोट घेतल्यापासून दोन तास मोजायचे. त्या वेळात फिरायचं नाही, काही खायचं नाही, बाळाला दूध पाजायला हरकत नाही. लसही त्याच दोन तासांत देऊन होते. उलटी झाली तर तो दिवस सोडून परत करायची. नमुना फ्लोराइडच्या ट्यूबमध्येच घ्यायला हवा. साध्या ट्यूबमध्ये रक्त तसंच पडून राहिलं तर पेशी त्यातली साखर खात राहतात आणि तासाला पाच-सात टक्के आकडा घसरतो. शिबिरांतून उशिरा पोचणाऱ्या नमुन्यांत हे हमखास घडतं आणि १४८ असलेली बाई १३५ ची होऊन घरी जाते.

माझ्या मागण्या थोड्या आहेत.

प्रसूतिगृहांनी डिस्चार्ज कार्डावर गरोदरपणात मधुमेह होता हे ठळक लिहावं आणि बेचाळिसाव्या दिवसाची तारीख घालून दोन नमुन्यांच्या तपासणीची चिठ्ठी त्याच वेळी हातात द्यावी. म्हणजे बाई उज्जैनला असली तरी तिथल्या लॅबमध्ये दाखवता येईल. तीच तारीख बाळाच्या लशीच्या कार्डावरही लिहावी, कारण आईचे कागद हरवतात, बाळाचं कार्ड हरवत नाही. बालरोगतज्ज्ञांनी पहिल्याच भेटीत आईला गरोदरपणात मधुमेह होता का, हा एक प्रश्न विचारावा, एवढी विनंती त्यांनाही आहे.

सीएमएचओ साहेबांनी लसीकरण केंद्रांवर आणि आयुष्मान आरोग्य मंदिरांत सहा आठवड्यांच्या तपासणीची सोय करावी, त्या दिवशी ग्लुकोजची पाकिटं तिथे असावीत, आणि आशाताईंच्या बेचाळिसाव्या दिवसाच्या भेटीत हा प्रश्न घालावा. अशा प्रत्येक बाईचं नाव, वय काहीही असो, मधुमेहाच्या वार्षिक तपासणीच्या यादीत चढवावं. रोज सकाळी प्रत्येक घरासमोर कचऱ्याची गाडी वेळेवर पोचवणाऱ्या या शहराला वर्षातून एकदा एका बाईला फोन करणं अवघड नाही.

आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना एक वेगळी विनंती. जिला आधी असा मधुमेह झाला आहे ती तांबी काढायला किंवा गोळ्या बंद करायला येईल, तेव्हा आधी शुगर तपासा. दुसऱ्या बाळाच्या तयारीचा तोच क्षण असतो. तिथे मधुमेह सापडला तर दिवस राहण्याआधी दोन-तीन महिने हातात मिळतात.

कार्डात रकाना नाही असं मला सांगण्यात आलं, म्हणून रकान्याचा मजकूर मीच लिहून देते. पुढच्या छपाईला तो जसाच्या तसा घ्या, किंवा सुधारून घ्या. हिंदीतही छापा, बहुतेकींना तेच सोयीचं पडेल.

"तुम्हाला गरोदरपणात मधुमेह होता. सध्या शुगर नॉर्मल असली तरी पुढे मधुमेह होण्याचा धोका आहे.
दिनांक ____ रोजी, बाळाच्या सहा आठवड्यांच्या लशीच्या वेळी, उपाशीपोटी आणि पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोजनंतर दोन तासांनी रक्त तपासा.
रिपोर्ट नॉर्मल आला तरी दर वर्षी, बाळाच्या वाढदिवसाच्या महिन्यात, शुगर तपासा.
पुढचं मूल हवं असेल तर दिवस राहण्याआधी शुगर तपासा आणि डॉक्टरांना हे कार्ड दाखवा."

आपण काय ठरवलं ते या पत्रासारखंच जाहीर कळवावं, ही विनंती.

आपली,
एक लॅब टेक्निशियन, इंदूर